स्टाफचं जेवण: एकच पातेलं, दोन शिफ्ट आणि रोजची कुरबुर

चुलीपाशी (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी. सिन्नरच्या अलीकडे, नाशिक-पुणे रस्त्यावर आमचं व्हेज-नॉनव्हेज हॉटेल आहे. मी आणि माझे दीर मिळून चालवतो. स्वयंपाकघर, खरेदी आणि माणसं माझ्याकडे, गल्ला आणि बँक त्यांच्याकडे. स्टाफच्या जेवणाबद्दल मला मदत हवी आहे.

एकूण २६ माणसं आहेत, साप्ताहिक सुट्ट्या धरून रोज साधारण २२ हजर असतात. सकाळची शिफ्ट ९ ते ५:३०, त्यात ९ जण. संध्याकाळची २:३० ते ११:३०, त्यात १३ जण. स्टाफचं जेवण दिवसातून एकदाच शिजतं, सकाळी साडेदहाला: डाळ, भात, एक भाजी आणि रोट्या. सकाळचे लोक अकराला ताजं जेवतात आणि निघायच्या आधी त्यातलंच थोडं खातात. संध्याकाळचे साडेतीनला त्याच पातेल्यातलं जेवतात आणि रात्री बंद झाल्यावर परत तेच, कधी लाइनवर, म्हणजे ऑर्डर बनवतात त्या ओट्यावर, उरलेली ग्रेव्ही असली तर तीही.

गेल्या शनिवारी रात्री बारा वाजता मी तिथेच उभी होते. आमच्या एका वेटरने डाळीच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. डाळीवर साय धरल्यासारखा थर आला होता. त्याने पळीने तो बाजूला केला, भाताच्या गोळ्याकडे बघितलं, पळी परत ठेवली, हातातलं कोरडं ताट विसळून रॅकवर लावलं आणि वर खोलीत झोपायला गेला. एक शब्द बोलला नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही. दोन महिन्यांत संध्याकाळच्या शिफ्टची दोन मुलं सोडून गेलीत, आणि पगार हे कारण नव्हतं.

दिरांचं म्हणणं, महिन्याला सत्तावीस-साडेसत्तावीस हजार स्टाफच्या जेवणावर जातातच, अजून किती घालायचे. दोनदा स्वयंपाक करायचा तर खर्च किती वाढेल? कुणी करायचा? डाळ-तांदूळ माणशी किती मोजायचे? आणि दोन्ही शिफ्टला सारखं वाटेल असं कसं करायचं?

हिशेबी_माणूस

ताई, मी दोन हॉटेलं चालवलीत. सरळ उपाय सांगतो. जेवण बंद करा आणि माणशी रोज ७० रुपये भत्ता द्या. कटकट संपली. कोण काय खातो, कुणाला थंड मिळालं, काही बघायला नको. आकडा ठरलेला राहतो आणि हिशेबाला सोपा पडतो.

आयटी_कँटीन

आमच्या कंपनीत कूपन आहेत आणि कँटीनमध्ये मेन्यूवर ३० टक्के सवलत मिळते. तुम्हीही स्टाफला मेन्यूवर सवलत द्या, म्हणजे ज्याला जे आवडेल ते तो मागवेल. व्हेज-नॉनव्हेजचा प्रश्नही सुटतो.

टेबल_नंबर_सात

मी अकरा वर्षं वेटर आहे, आता कॅप्टन. भत्त्याचं सांगतो. आम्ही हॉटेलच्या वरच्या खोलीत राहणारी माणसं. रात्री बारानंतर हायवेला उघडं काय असतं? टपरी, चहा, बिस्किट. आणि हातात ७० रुपये आले की त्यातले ५० घरी जातात, वीसमध्ये वडापाव. आठ दिवसांत पोरगा ढिला पडतो. माझ्या मागच्या जागी भत्ता होता, तिथे रमजान नसतानाही दुपारी उपाशी राहणारी पोरं मी बघितली आहेत.

सवलतीचं म्हणाल तर ज्या पोराला बारा हजार पगार आहे, तो १८० ची भाजी सवलतीत घेऊन रोज कसा खाणार?

ताई, तो पोरगा बोलला नाही कारण बोललं की "मिळतंय ते खा" असं ऐकायची सवय झालेली असते. तुम्ही बघितलंत हेच खूप आहे.

जुना_वस्ताद

वहिनी, मी अठ्ठावीस वर्षं भटारखान्यात काढली. ठाण्यात हेल्पर म्हणून लागलो, आता पुण्यात एका ठिकाणी किचन बघतो. उत्तर देण्याआधी चार गोष्टी सांगा.

संध्याकाळची मुलं अडीचला येतात तेव्हा पोटात काय असतं? स्टाफचं जेवण आज कोण बनवतं? पातेल्यात रोज किती उरतं आणि ताटातून किती टाकलं जातं, हे कधी वेगवेगळं मोजलंय का? आणि तुमच्याकडे पनीर रोज किती निघतं आणि केओटीवर, म्हणजे किचनला येणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांवर, किती विकलं जातं?

शेवटचा प्रश्न विषयाबाहेरचा वाटेल, पण उत्तर द्या.

चुलीपाशी

वस्ताद, उत्तरं देते. संध्याकाळची मुलं बहुतेक वरच राहतात, दहा-अकराला उठतात, चहा-खारी खातात. म्हणजे साडेतीनचं जेवण हेच त्यांचं दिवसातलं पहिलं. हे लिहिताना मलाच कसंतरी झालं.

जेवण जो हेल्पर सकाळी मोकळा असेल तो बनवतो. बहुतेक सगळ्यात नवा असतो तो. उरलेलं मोजलेलं नाही. पनीर स्टोअरमधून रोज सव्वाचार किलोच्या आसपास निघतं, विक्रीशी कधी ताडून पाहिलं नाही.

जुना_वस्ताद

आठ दिवस काहीही बदलू नका, फक्त मोजा. दोन बादल्या ठेवा. एकीत पातेल्यात उरलेलं, दुसरीत ताटातलं टाकलेलं. दोन्ही वेगळी वजन करा, आणि शिफ्ट लिहा. पातेल्यात उरतं तेव्हा तुमचं माप चुकलेलं असतं. ताटात उरतं तेव्हा चव किंवा वेळ चुकलेली असते. दोन्ही एका बादलीत गेलं की काहीच कळत नाही, आणि मालक म्हणतो, "बघा, एवढं टाकतात, अजून कमी बनवा."

पनीरसाठी केओटी काढा. पनीरच्या किती प्लेट गेल्या, प्रत्येकीत किती ग्रॅम, त्याची बेरीज करा आणि स्टोअरमधून निघालेल्यातून वजा करा.

आहारवाली

मी आहारतज्ज्ञ आहे, बहुतेक काम कारखान्यांच्या कँटीनमध्ये. एक मुद्दा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिनं लागतात, आणि मध्यम कष्टाच्या कामाला २७०० कॅलरीच्या आसपास. हॉटेलातला माणूस नऊ तास उभा असतो, तो बैठ्या कामात धरता येणार नाही.

स्टाफच्या जेवणात भाताचा डोंगर आणि पाण्यासारखी डाळ हे मी फार बघते. पोट भरतं, पण दोन तासांत परत भूक लागते. डाळ माणशी ५० ग्रॅम कोरडी पडलीच पाहिजे, त्यातून ११-१२ ग्रॅम प्रथिनं येतात. तीन रोट्या आणि भात यांतून आणखी १७-१८. उरलेलं उसळ, अंडी, ताक यांतून भरायचं. चिकनची रोज गरज नाही.

भट्टीजवळच्या माणसांना उन्हाळ्यात भूक लागत नाही, घाम मात्र येत राहतो. त्यांना मीठ घातलेलं ताक किंवा लिंबूपाणी दिवसातून दोनदा आणि ते जागेवर, मागायला लावू नका.

हिशेबी_माणूस

सगळं बरोबर, पण ताजं-शिळं याचा एवढा बाऊ कशाला? सकाळचा भात रात्री कडकडीत वाफेवर गरम केला की त्यातलं सगळं मरतं. आम्ही वर्षानुवर्षं तेच केलं, कुणाला काही झालं नाही.

आहारवाली

डाळीच्या बाबतीत तुमचं बरंचसं बरोबर आहे, उकळी आली की बहुतेक जंतू मरतात. भाताचं तसं नाही. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही उरतात. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष परत गरम करून जात नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या होतात. वासावरून कळत नाही, म्हणून "वास चांगला येतोय" यावर जाऊ नका.

चुलीपाशी ताईंकडे भात साडेदहाला शिजतो आणि रात्री बाराला खाल्ला जातो. साडेतेरा तास. नियम सोपा आहे: गरम अन्न ६० अंशांच्या वर, थंड अन्न ५ च्या खाली, आणि मधे शक्य तितका कमी वेळ. भात ठेवायचाच तर शिजल्यावर ट्रेमध्ये दोन बोटं जाडीचा पसरा, वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये. मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेला भात मधे रात्रीपर्यंत कोमटच राहतो.

टेबल_नंबर_सात

बंद झाल्यावर पोरांना उलट्या झालेल्या मी दोनदा बघितल्यात. दोन्ही वेळा मालक म्हणाला, बाहेरचं खाल्लं असेल.

खाणावळ_मावशी

मी कोल्हापुरात खाणावळ चालवते, चाळीस पोरं दोन वेळा जेवतात. तुझ्यासारखा शिफ्टचा प्रश्न नाही मला, पण एक सांगते बाळा. रोज डाळ-भात-बटाटा केला की पोरं ताटात टाकतातच. सात दिवसांची सात कालवणं भिंतीवर लिहून ठेव. पोराला बुधवारी अंडाकरी आहे हे सोमवारी माहीत असलं की सोमवारची डाळ तो नीट खातो. आणि भाजी कापून उरते त्यात किती निघतं बघ: फ्लॉवरचे दांडे, कोबीची पानं, कोथिंबिरीच्या काड्या. भरीत-झुणक्यात जातं सगळं. मटणाचं उरलेलं मात्र कुणाला देऊ नको, ताजं दे नाहीतर देऊ नको.

माझ्याकडे एकजण उपवासाला नुसता चहा प्यायचा. आता गुरुवारी वरी-आमटी करते, जेवणारे तीन असले तरी.

मडगांवकार

मी मडगावला मासळीचं हॉटेल चालवतो. आमच्याकडे किचनात निम्मी मुलं ओडिशाची. बारीक कोलम त्यांना पोटभर वाटत नाही, एक ताट संपवून तासाभरात परत पातेल्यापाशी. मग मी आपला उकडा तांदूळ सुरू केला, आमच्या गोंयच्या घरात शिजतो तोच. त्यांच्याकडेही उकडाच तांदूळ खातात. भात जरा कमी लागायला लागला, आणि मुलं म्हणाली घरचं जेवल्यासारखं वाटतं. वहिनी, तुमच्याकडे कुठली मुलं आहेत ते बघून तांदूळ ठरवा. सगळ्यांना एकच तांदूळ हा न्याय होत नाही.

चुलीपाशी (नऊ दिवसांनी)

मोजलं. लिहिताना हात थरथरतोय.

पातेल्यात रोज सरासरी दीड किलो भात आणि लिटरभर डाळ उरत होती, आणि ती जवळजवळ सगळी रात्रीची. ताटातलं टाकलेलं सकाळच्या शिफ्टचं अर्धा किलोसुद्धा नाही, संध्याकाळच्यांचं अडीच किलो.

पनीर: स्टोअरमधून रोज सरासरी ४.२ किलो. केओटीवर २२ प्लेट, प्रत्येकी १५० ग्रॅम, म्हणजे ३.३ किलो. रोज ९०० ग्रॅम कुठेतरी जातंय. माझा खरेदी भाव ३२० रुपये. महिन्याला ८,६४० रुपये.

दिरांना दाखवलं, ते म्हणाले कॅमेरा लावू आणि चोर पकडू.

जुना_वस्ताद

वहिनी, कॅमेरा लावायच्या आधी हे वाचा. चारच्या सुमाराला किचनमध्ये एक छोटी कढई चढत असेल. भुर्जी. उपाशी आलेली मुलं, साडेतीनला थंड डाळ-भात बघून ताटात टाकतात आणि लाइनवरच्या पनीरमधून मूठभर उचलून दोन कांदे परततात. मीही केलंय ते, हेल्पर असताना. ती भूक आहे, तिला चोरी म्हणून पकडलंत तर चांगली दोन माणसं जातील आणि भूक तिथेच राहील.

आता माझी योजना. एक मोठं ताजं जेवण प्रत्येक शिफ्टला, तेही गर्दीच्या आधी. सकाळच्यांचं अकराला आहे तसं. संध्याकाळच्यांचं वेगळं शिजवायचं, पावणेसहाला. तुमची रात्रीची गर्दी साडेसातला सुरू होत असणार, म्हणजे जेवून झाल्यावर तास-दीड तास मिळतो, अंग जड राहत नाही. दोन तुकड्या करा: ५:४० ला निम्मे, ६:०५ ला निम्मे, प्रत्येकी वीस मिनिटं, बसून. उभ्याने खाल्लेलं जेवण मी जेवणात धरत नाही. २०१७ च्या दुकाने कायद्यातही सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती होती. त्यात पुढे बदल झालेत, ते तुमच्या सल्लागाराला विचारा.

आणि मोरीवरच्या माणसांना पहिल्या तुकडीत बसवा. आपल्याकडे ती कायम शेवटी जेवतात, कारण सगळ्यांची ताटं त्यांच्याकडे जातात. त्यामुळे त्यांच्या वाट्याला पातेल्याचा तळ येतो.

तेरा जणांचं माप सांगतो. तांदूळ माणशी १०० ग्रॅम, म्हणजे १.३ किलो. कणीक १.२ किलो, तीन रोट्या पडतात. डाळ ६५० ग्रॅम. भाजी दोन किलो. माझ्याकडचे भाव धरून तांदूळ ६८, कणीक ४६, तूरडाळ ८१, भाजी ८०, तेल ३०, कांदा-टोमॅटो-मसाला ६०, काकडी-ताक ५०, गॅस ५०. बेरीज ४६५, माणशी ३६ रुपये. अंड्याच्या दिवशी भाजीऐवजी माणशी दोन अंडी, तर ताट ४४ ला जातं. आठवड्यात दोन दिवस अंडी धरली तर सरासरी ३८.

दुसरं खाणं हलकं: उसळ-पाव, पोहे, उपमा, १६ रुपयांत बसतं. सकाळच्यांना पावणेचारला, संध्याकाळच्यांना रात्री साडेअकराला.

स्वयंपाक नव्या हेल्परकडे देऊ नका. लाइनवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या कुकने आठवडा-आठवडा करायचा, नाव फळ्यावर. ज्याच्या हाताला चव आहे तो बनवेल आणि सगळ्यांसोबत बसून जेवेल. सोबत जेवायचं असलं की मीठ बरोबर पडतं.

टेबल_नंबर_सात

वस्ताद, मान देऊन सांगतो, एक चूक आहे. ताईंनी वरच लिहिलंय, पोरं अडीचला चहा-खारीवर येतात. त्यांना पावणेसहापर्यंत काहीच नाही दिलंत तर चारची कढई चढणारच. त्यांना आल्याआल्या काहीतरी पाहिजे.

जुना_वस्ताद

बरोबर. माझ्या किचनमध्ये पोरं बाहेरून येतात, घरून जेवून, म्हणून ते डोक्यात आलं नाही. मग हलकं खाणं पावणेतीनला करा, दोन्ही शिफ्टना एकाच पातेल्यातून. सकाळचे तेव्हा दुपारच्या गर्दीतून सुटत असतात, संध्याकाळचे आलेले असतात. एकत्र बसले की "त्यांना काय मिळालं" हा प्रश्न निम्मा संपतो, डोळ्यांसमोरच असतं. आणि रात्री बंद होताना वाटीभर मऊ मुगाची खिचडी. ५२० ग्रॅम तांदूळ, २६० मूगडाळ, अकराला कुकर लावायचा. शंभर रुपयांत तेरा जणांची होते. उरलेला भात त्यात ढकलायचा नाही.

हिशेबी_माणूस

म्हणजे संध्याकाळच्यांना तीनदा आणि सकाळच्यांना दोनदा? हा कुठला न्याय? वाद मिटवायला गेलात आणि नवा उभा केलात.

जुना_वस्ताद

सकाळच्यांना नऊला चहा-टोस्ट असतोच ना वहिनी? आणि साडेपाचला ते घरी जाऊन रात्रीचं जेवतात. संध्याकाळच्यांचं रात्रीचं जेवण तुमच्याकडेच. पण हे ताटावरून समजावून सांगता येणार नाही, शिफ्ट महिन्याने आलटून पालटून लावा. दोन्हीकडचं खाल्लं की कळतं.

आणखी एक, हिशेबाचं. स्टाफच्या जेवणाला गेलेला माल स्टोअरमधून वेगळ्या चिठ्ठीवर काढा आणि फूड कॉस्टमधून वजा करा. नाहीतर महिनाअखेर किचनचा आकडा फुगलेला दिसतो आणि दीर तुमच्या शेफला धरतात, चूक नसताना.

चुलीपाशी (महिन्याने)

तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिला आठवडा वाईट गेला. पावणेसहाला जेवण लावलं आणि सहाला दोन बस आल्या. पहिली तुकडी ताट सोडून उठली, दुसरी बसलीच नाही. आता शनिवार-रविवार दोन्ही तुकड्या वीस मिनिटं आधी बसवते, आणि त्या वेळात गल्ल्यावरून उठून मी आणि दीर टेबलं बघतो. दीर तयार झाले याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

दुसऱ्या आठवड्यापासून ताटातलं टाकलेलं संध्याकाळच्या शिफ्टमध्ये अडीच किलोवरून सहा-सातशे ग्रॅमवर आलं. पनीरमधला फरक रोज ३०० ग्रॅमवर आला. कॅमेरा लावला नाही. चारची कढई बंद झाली, मी कुणाला काही बोलले नाही.

खर्च: मोठं जेवण २२ जणांचं ८३६, हलकं ३५२, रात्रीची खिचडी १०४. रोज १,२९० च्या आसपास, महिन्याला ३८,७००. पनीरचं अजून जातंय ते २,८८०. एकूण ४१,५८०. आधी साडेसत्तावीस हजार आणि पनीरचे ८,६४०, मिळून ३६,१४०. म्हणजे महिन्याला साडेपाच हजार जास्तच जातायत. स्वस्त झालं असं मी खोटं सांगणार नाही. माणशी महिन्याला दोनशे रुपये वाढले. दिरांना अजून पटलेलं नाही, तीन महिने बघू असं ठरलंय. मी म्हणते एक शिकलेला वेटर गेला की नवा तयार व्हायला दीड महिना जातो, ते म्हणतात त्याचा आकडा दाखव. तो मला नीट काढता येत नाहीये. कुणाला येत असेल तर सांगा.

मोरीवरच्या दोन मावशी पहिल्या तुकडीत बसायला आधी लाजल्या. त्या घरून भाकरी आणतात, आमच्याकडून फक्त कालवण घेतात. आठला शेवटची जीप असते म्हणून त्यांना आठपर्यंतच ठेवतो. पूर्वी त्यांना जेवायलाच वेळ मिळत नव्हता, हे मला चार वर्षांत कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मडगांवकार

तांदळाचं काय केलं?

चुलीपाशी

तुमच्यामुळे विचारलं. सहा मुलं उत्तराखंडची, त्यांना रोट्याच हव्यात. चार ओडिशाची, त्यांच्यासाठी उकडा तांदूळ आणला, पण तो शिजायला जास्त वेळ लागतो आणि दोन भांडी चढवावी लागतात. कुक कुरकुरतो. सध्या मंगळवारी आणि शनिवारी उकडा, बाकी दिवस कोलम.

आहारवाली

रात्री भिजत घातलात तर उकड्याचा वेळ बराच कमी होतो, आणि भिजवलेला तांदूळ फ्रिजमध्ये ठेवा. हरभरा-मटकीची उसळ आठवड्यात किती वेळा होते?

चुलीपाशी

तीनदा. मटकी दोनदा, हरभरा एकदा. अंडी न खाणारे पाच आहेत, त्यांना अंड्याच्या दिवशी हीच उसळ.

टेबल_नंबर_सात

आणि तंदूरवाला? तो सहाला उठूच शकत नाही. भट्टी पाचला पेटते, तापायला तास, मग लगेच ऑर्डर.

चुलीपाशी

हाच अडकलेला प्रश्न आहे. सध्या त्याचं ताट झाकून ठेवतो, तो साडेनऊला भट्टीपाशी उभ्यानेच खातो. वस्ताद, तुमच्याकडे काय करतात?

जुना_वस्ताद

आमच्याकडे तो पाचला, भट्टी पेटवून, एकटा जेवतो. डाळ तेव्हा तयार असते, रोटी नसते, म्हणून त्याला भात. त्यालाही एकटं जेवायला आवडत नाही. एक हेल्पर रोटीच्या कणकेचे पेढे वळायला शिकवला तर तो पावणेसहाच्या तुकडीत बसू शकतो, पण हेल्पर शिकला की दुसरा हॉटेलवाला जास्त पगारावर उचलतो. माझे दोन गेलेत असे.

टेबल_नंबर_सात

ताई, तो पोरगा, ताट विसळून गेलेला, आहे का अजून?

चुलीपाशी

आहे. काल रात्री खिचडीवर तूप मागितलं त्याने.